एआय टूल ‘उद्या सकाळी देतो’ म्हणतं आणि काहीच येत नाही: काय काय तपासायचं

माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. गेल्या दोन वर्षांत एकच तक्रार घेऊन इतकी माणसं आली की आता पहिल्या वाक्यालाच ओळखू येतं. मोबाइलवरच्या एआय चॅटला मोठं काम दिलेलं असतं, त्याने ‘वेळ लागेल, तयार झालं की कळवतो’ असं लिहिलेलं असतं, आणि माणूस वाट बघत बसलेला असतो. काहींचा एक दिवस जातो, काहींचा आठवडा. यात बिघाड कुठे असतो आणि तो कोणत्या क्रमाने शोधायचा, ते लिहितो.

लक्षणं

काम दिल्यावर उत्तरात वेळ सांगितलेली असते, म्हणजे ‘दोन तासांत’, ‘रात्रीपर्यंत’, ‘उद्या सकाळी ९ वाजता’. वेळ उलटते, पण मोबाइलवर काही वाजत नाही. तुम्ही स्वतःहून ‘झालं का?’ विचारलं की टक्केवारी येते: साठ टक्के झालं, ऐंशी टक्के झालं, शेवटचा हात फिरवतोय. पुन्हा विचारलं की माफी आणि नवी वेळ. कधी फाइलची लिंक येते, पण ती दाबली की उघडतच नाही. दुसरा प्रकार आठवणीचा. ‘रोज सकाळी मला आठवण कर’ म्हटलं, टूलने होकार लिहिला, आणि सकाळी काहीच आलं नाही.

यातलं एक जरी जुळत असेल तर खालचा क्रम धरा. पहिल्या दोन तपासण्यांना पैसा लागत नाही आणि मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

१. पाठवायच्या बटणाकडे बघा

टूल उत्तर लिहीत असतं तेव्हा पाठवायच्या बाणाच्या जागी बहुतेक ॲपमध्ये थांबवायचा चौकोन दिसतो. लिहून झालं की बाण परत येतो. बाण दिसतोय आणि मजकूर पुढे सरकत नाही, म्हणजे काम संपलं. ते अर्धवट असेल, चुकीचं असेल, पण त्या क्षणापासून तुमच्यासाठी तिकडे काहीही चाललेलं नाही.

ही खूण महत्त्वाची का, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या यावरच उभ्या आहेत. साध्या चॅटमध्ये तुम्ही ‘पाठवा’ दाबलं की आतापर्यंतचं संभाषण पहिल्या ओळीपासून टूलपुढे ठेवलं जातं. ते वाचून टूल पुढचा मजकूर तुकड्या-तुकड्याने लिहितं, आणि उत्तर पूर्ण झालं की थांबतं. तुमच्या दोन मेसेजच्या मधल्या वेळेत ते विचार करत नसतं, फाइल चाळत नसतं, घड्याळही बघत नसतं. तुम्ही पुन्हा काही पाठवाल तेव्हाच ते पुन्हा चालू होणार. उद्याचे नऊ वाजल्याचं त्याला आपोआप कळायला काही वाटच नाही.

मग ‘उद्या देतो’ असं ते लिहितं तरी का? ते माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून लिहायला शिकलेलं आहे. कुणी कुणाला शेहेचाळीस पानांचं काम दिलं की समोरचा काय म्हणतो? ‘उद्यापर्यंत करून देतो.’ कामाच्या पत्रव्यवहारात अशा ठिकाणी असंच वाक्य येतं, म्हणून तेही तसंच वाक्य लिहितं. माणसाच्या तोंडून ते वाक्य निघतं तेव्हा त्याच्या डोक्यात किंवा डायरीत त्याची नोंद होते. इथे फक्त वाक्य आहे, मागे नोंद कुठेच नाही. खोटं बोलायचा हेतू असतो असं मला वाटत नाही, पण आपलं नुकसान व्हायचं ते होतंच.

२. झालेलं काम आत्ता, याच उत्तरात मागा

‘झालं का?’ हा प्रश्न विचारू नका. टूल दर वेळी मागचं सगळं संभाषण वाचतं हे वर सांगितलं. त्यात त्याचं स्वतःचं वचनही असतं. वर ‘काम चालू आहे’ लिहिलेलं, खाली ‘कुठवर आलं?’ हा प्रश्न, मग त्यापुढे जुळणारं उत्तर म्हणजे एखादा टक्का. ऐंशी टक्के हा आकडा कशाचं मोजमाप नाही. तुम्ही जितक्या वेळा विचाराल तितकं ते सोंग पक्कं होत जातं.

त्याऐवजी असं लिहा: ‘आतापर्यंत तयार झालेला मजकूर, आहे तसा, याच उत्तरात दे. नंतर देण्याचं काही लिहू नकोस.’ खरंच काही झालेलं असेल तर ते पडद्यावर येईल. नुसती मुद्द्यांची यादी आली किंवा काम तिथल्या तिथे पहिल्यापासून सुरू झालं, तर आधी काहीच झालं नव्हतं. लिंक आली असेल तर ती लगेच उघडून फाइल उतरवून घ्या. जी उघडत नाही ती फाइल नाही, फाइलच्या पत्त्यासारखा दिसणारा मजकूर आहे.

आमच्या भागातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका याच टप्प्यावर अडले होते. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी, २८ सप्टेंबरला होती. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, सूचनेचा आणि सभेचा दिवस सोडून. म्हणजे सूचना आणि तिच्याबरोबरचा अहवाल १३ तारखेला सभासदांच्या हातात हवा. वर्षभराच्या कार्यकारिणीच्या बारा सभांचं इतिवृत्त, मिळून ४६ पानं, त्यांनी सोमवारी ८ तारखेला संध्याकाळी टूलला दिलं आणि त्यावरून वार्षिक अहवाल मागितला. मंगळवारी सकाळी ९ ची वेळ मिळाली. गुरुवारी ते दुकानात आले तेव्हा गाडी ऐंशी टक्क्यांवर होती.

मी म्हटलं, “काका, नव्याने सुरू करू.” तर म्हणाले, “अहो, ऐंशी टक्के झालंय. आता सोडलं तर तीन दिवसांचं वाया जाईल.”

त्यांच्यासमोरच तयार मजकूर मागितला. पडद्यावर सात मथळे आले आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. ‘समितीने वर्षभर विविध विषयांवर चर्चा केली’ या थाटाच्या. एकाही ठरावाचा क्रमांक नाही, एकही रक्कम नाही. तीन दिवसांत वाया जाण्यासारखं काही तयारच झालं नव्हतं. काका बराच वेळ त्या सात मथळ्यांकडे बघत राहिले.

३. तुमच्या टूलमध्ये वेळ लावायची खरी सोय आहे का, ते बघा

काही टूलमध्ये आता ही सोय आहे, आणि घोटाळा त्यामुळेच वाढतो. चॅटजीपीटीमध्ये जानेवारी २०२५ मध्ये, सुरुवातीला पैसे भरणाऱ्यांसाठी, ठरलेल्या वेळी काम करून घेण्याची सोय आली. इतरही काही टूलमध्ये ती नंतर आली. तिथे टूल स्वतः जागं राहत नाही. घड्याळाबरहुकूम चालणारी वेगळी यंत्रणा असते, ती ठरलेल्या वेळी तुमचा मजकूर टूलला पाठवते, टूल तेव्हा उत्तर लिहितं आणि तुम्हाला सूचना येते. घरी अलार्म वाजल्यावर आपण उठतो तसं. अलार्म लावलेला नसेल तर ‘पाचला उठतो’ म्हणून झोपण्याला अर्थ नाही.

फरक ओळखायची खूण एकच: संभाषणाच्या बाहेर नोंद दिसते का? सेटिंगमध्ये किंवा मेनूमध्ये लावलेल्या कामांची यादी हवी. तीत कामाचं नाव आणि वेळ हवी, आणि ते रद्द करायची सोय हवी. फक्त संभाषणात ‘लावलं आहे’ असं लिहून आलं असेल तर ते धरू नका. मी दहा मिनिटांची चाचणी करतो. दहा मिनिटांनंतरची आठवण लावायची, ॲप पूर्ण बंद करायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा. सूचना आली तर सोय खरी. यादीत नोंद आहे पण सूचना आली नाही, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी आहे का आणि बॅटरी वाचवायच्या सेटिंगने ॲपला रोखलंय का ते बघा. तो मोबाइलचा दोष आहे, टूलचा नाही.

लांबलचक संशोधन करणारी जी सोय काही टूलमध्ये असते, ती मात्र खरोखर तुम्ही दूर असताना चालते. तिला काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. पण ती आपण वेगळं बटण दाबून सुरू करतो, आणि कोणत्या टप्प्यावर आहे ते पडद्यावर हलताना दिसतं. तुम्ही ते बटण दाबलं नसेल आणि साध्या चॅटने ‘मागे काम चालू आहे’ लिहिलं असेल, तर मागे काही नाही.

औषधाच्या गोळीची, इन्शुलिनची, रेल्वेची, कोर्टाच्या तारखेची आठवण मात्र चाचणी पार पडली तरी यावर सोडू नका. मोबाइलच्या घड्याळात अलार्म लावा. तो इंटरनेट नसतानाही वाजतो. सासूबाईंच्या सकाळच्या गोळीची आठवण चॅटला सांगून निर्धास्त झालेल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा चार सकाळच्या गोळ्या चुकल्या होत्या.

४. फाइल त्याला वाचता येते का?

इथपर्यंत वचन पोकळ होतं हे कळतं. पण टूलने काम तिथेच का केलं नाही, हा प्रश्न उरतो. माझ्या अनुभवात मुदत मागण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात: एका उत्तरात मावणार नाही इतकं काम, किंवा नीट न वाचता आलेली फाइल.

फाइलची परीक्षा अशी. मधलं एखादं पान उघडा आणि त्यावरचं एक वाक्य विचारा. काकांच्या फाइलमधल्या २३ व्या पानावरचा ठराव विचारला, तर लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव आला. पान उघडलं तर तिथे टाकीची गळती होती. लिफ्टचा उल्लेख त्या पानावर नव्हताच. पानं मोबाइलवर स्कॅन केलेली, काही तिरकी, काहींवर हाताची सावली. टूलने ती वाचलीच नव्हती, सोसायटीच्या इतिवृत्तात साधारण जे असतं ते लिहून दिलं होतं.

मराठी मजकुराचा आणखी एक त्रास आहे आणि तो आमच्या डीटीपीवाल्यांनीच मागे ठेवलेला आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे मराठी उमटलं तर ठीक. अगम्य अक्षरं उमटली तर टूललाही बहुतेक तेच दिसतंय. अशी फाइल आधी फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

५. नवं संभाषण उघडा आणि काम कापून द्या

जुन्या संभाषणात दुरुस्ती करत बसू नका. तिथे वचनं, माफ्या, टक्के सगळं साठलेलं असतं आणि दर वेळी टूल ते पुन्हा वाचतं. कोरं संभाषण उघडलं की ते ओझं जातं.

काम असं कापायचं की प्रत्येक तुकड्याचं उत्तर तुमच्यासमोर, एका बैठकीत संपेल. काकांचं काम आम्ही महिन्याप्रमाणे बारा तुकड्यांत केलं. पानं सरळ करून पुन्हा स्कॅन केली, एका वेळी एका सभेची तीन ते पाच पानं दिली, आणि मागणी अगदी नेमकी ठेवली: ‘या सभेतले ठराव, क्रमांक, सूचक, अनुमोदक, रक्कम आणि निर्णय एवढंच लिही. जे वाचता येत नाही तिथे “अस्पष्ट” लिही. आत्ताच दे.’ पहिल्या महिन्याचं उत्तर मिनिटाच्या आत आलं. प्रत्येक उत्तर आल्या आल्या कॉपी करून वर्डच्या फाइलमध्ये घेतलं, आणि काकांनी हातातल्या इतिवृत्ताशी ताडून खूण केली. बारा तुकडे झाल्यावर तो तपासलेला मजकूर परत देऊन त्यावरून अहवाल लिहून घेतला.

सगळ्याला अडीच तास लागले, त्यातला निम्म्याहून अधिक वेळ ताडून बघण्यात गेला. तो वाचवता आला नसता. बाहेरून रंग लावण्याच्या ठरावातले १,८५,००० रुपये टूलने १,३५,००० वाचले होते, कारण कागदावर ८ चा आकडा पुसट होता. तसंच छापलं असतं तर सभेत पन्नास हजारांचा हिशेब काकांना द्यावा लागला असता. गुरुवारी रात्री अहवाल तयार झाला, शुक्रवारी १२ तारखेला सूचनेबरोबर वाटला गेला. एक दिवस हातात राखून.

कापून दिलेल्या तुकड्यावरही टूल मुदत मागत असेल तर तुकडा आणखी लहान करा. एक पान द्या. एका पानावरही तेच झालं तर टूल बदला, झगडत बसू नका.

६. व्हॉट्सॲपवरचा बॉट असेल तर

दुकानाच्या, क्लासच्या किंवा कंपनीच्या व्हॉट्सॲप बॉटने ‘दोन दिवसांत कळवतो’ लिहिलं असेल, तर आणखी एक अडचण आहे. व्यवसायाच्या खात्यावरून ग्राहकाला मोकळा मजकूर पाठवायची मुभा ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच असते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक नमुनाच पाठवता येतो. म्हणजे मागे कुणी माणूस किंवा नोंद नसेल, नमुना मंजूर नसेल, तर तो बॉट तिसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत काही लिहूच शकत नाही. ग्राहक म्हणून करायचं एवढंच: तक्रार क्रमांक मागा. क्रमांक मिळाला आणि तो त्यांच्या वेबसाइटवर किंवा फोनवर दाखवता आला तर नोंद आहे. नाहीतर फोन करा, किंवा स्वतः जाऊन या.

७. स्वतःची यंत्रणा लावणं

रोज ठरलेल्या वेळी टूलकडून काही लिहून हवं असेल आणि तुमच्या टूलमध्ये सोय नसेल, तर घड्याळ बाहेरून द्यावं लागतं. सर्व्हरवर क्रॉन नावाचा प्रोग्राम ठरलेल्या वेळी एक छोटी स्क्रिप्ट चालवतो, ती टूलला मजकूर पाठवते आणि आलेलं उत्तर ईमेलने धाडते. क्रॉनची ओळ एवढीच असते:

```
30 3 * * * /usr/bin/python3 /home/user/athvan.py
```

साडेतीन बघून गोंधळू नका. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, म्हणून तिथले साडेतीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. ओळीत `0 9` लिहिलं तर मेसेज दुपारी अडीचला येतो. ‘यंत्रणा लावली पण वेळ चुकते’ म्हणून जे येतात, त्यांच्याकडे मी सगळ्यात आधी हेच बघतो.

कुठे थांबायचं

क्रॉनची ओळ वाचून काही बोध झाला नसेल तर सातव्या तपासणीला हात लावू नका. प्रोग्रामरला बोलवा. टूलच्या खात्याची चावी स्क्रिप्टमध्ये ठेवावी लागते आणि ती चुकून बाहेर गेली तर दुसऱ्याच्या वापराचं बिल तुमच्या नावावर येतं.

मुदतीला एक दिवस उरला असेल तर पहिल्या दोन तपासण्या करा आणि लगेच माणसाकडे जा: टायपिस्ट, अनुवादक, जो लागेल तो. सोसायटीचा किंवा संस्थेचा हिशेब असेल तर तो लेखापरीक्षकाने बघितल्याशिवाय छापू नका. कोर्टाची किंवा सरकारी अपिलाची मुदत असेल तर एकही तपासणी न करता वकिलाला फोन लावा. ‘काम पूर्ण करण्यासाठी’ म्हणून चॅटमध्ये पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर आधी पासवर्ड बदला, बँकेचा असेल तर बँकेला कळवा, बाकी सगळं नंतर.

ज्याच्याकडे जाल त्याला मूळ कागद, दिलेली फाइल आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट दाखवा. ‘ऐंशी टक्के झालंय’ असं मात्र सांगू नका, तो त्या हिशेबाने वेळ धरेल.